नखावरचे दोन प्रकाश

लग्नाच्या अल्बमचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, फोटो निवडून झाले की येणाऱ्या मागण्यांमध्ये नखं हमखास असतात. साखरपुड्याला लावलेलं गडद डाळिंबी नेलपॉलिश लग्नाच्या दिवशीही तसंच राहिलेलं असतं, शालू मात्र आबोली असतो, आणि नवरीचा निरोप येतो, "दादा, हातांच्या त्या क्लोजअपमध्ये नखं तेवढी आबोली करून द्या ना." मागणी छोटी वाटते. पण हिरवा चुडा, मेंदी, अंगठी असा हाताचा फोटो अल्बममध्ये पानभर छापला जातो, आणि त्यातलं घाईने रंगवलेलं नख लगेच डोळ्यांत खुपतं. बोटावर टिकली चिकटवल्यासारखं ते दिसतं. रंग असतो, पण गोलाई नसते, चकाकी मेलेली असते आणि नख त्वचेखालून जिथे बाहेर येतं ती नाजूक जागा पुसली गेलेली असते.

हे का होतं हे समजायला आधी नेलपॉलिशकडे नीट पाहावं लागतं. वाळलेलं पॉलिश म्हणजे पारदर्शक राळेचा पातळ थर आणि त्यात विखुरलेले रंगाचे कण. दिव्याचा प्रकाश त्यावर पडतो तेव्हा त्याचे दोन भाग होतात. समोरून पडलेल्या प्रकाशाचा थोडा हिस्सा, साधारण चार टक्के, वरच्या गुळगुळीत पृष्ठभागावरूनच परत फिरतो. तो रंगाच्या कणांपर्यंत पोचलेलाच नसतो, म्हणून त्याला पॉलिशचा रंग लागत नाही. दिवा पांढरा असेल तर तो पांढरा, मांडवातला पिवळा हॅलोजन असेल तर पिवळा. आपण ज्याला चमक म्हणतो ती हीच. उरलेला प्रकाश आत शिरतो, कणांवर आपटतो, त्यातला काही शोषला जातो आणि बाकीचा रंगीत होऊन सगळीकडे पसरतो. नखाचा रंग आणि गोलाई आपल्याला या दुसऱ्या प्रकाशातून कळते. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ स्टीव्हन शेफर यांनी 1985 मध्ये हा विचार नेमक्या गणिती रूपात मांडला. चकचकीत वस्तूच्या फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे या दोन प्रकाशांची बेरीज असते, आणि रंगातल्या फरकावरून ते वेगळे काढता येतात.

नखं रंगवण्याचं सगळं काम या बेरजेत आहे. बदलायचा आहे तो फक्त आतून आलेला प्रकाश. पृष्ठभागावरून आलेल्याला हात लावायचा नाही.

नवा रंग जुन्याइतकाच गडद आणि तितकाच भडक असेल, म्हणजे लालचा राणी करायचा असेल, तर फार कष्ट नाहीत. नखांचा मास्क करा, त्यावर हव्या त्या रंगाचा Solid Color लेयर टाका आणि ब्लेंड मोड Hue ठेवा. बहुतेक लोक इथे Color हा मोड निवडतात आणि तिथेच चमक बिघडते. Color मोड मूळ फोटोतला फक्त उजेड-अंधार ठेवतो आणि रंगछटा व रंगाचा भडकपणा दोन्ही नव्या रंगातून घेतो. त्यामुळे चमकेच्या कडेचा जो भाग फिकट, जवळजवळ रंगहीन असतो, तोही भडक गुलाबी होतो आणि नख प्लास्टिकचं वाटायला लागतं. Hue मोड भडकपणा मूळ फोटोतलाच ठेवतो. जे रंगहीन होतं ते रंगहीन राहतं, चमक जिथल्या तिथे.

डाळिंबीचं आबोली करायचं म्हटलं की मात्र हे दोन्ही मोड उपयोगाचे नाहीत. गडदवरून फिकटकडे जाणं हाच या कामातला खरा अवघड भाग, म्हणून तोच सविस्तर पाहू. समजा नखाच्या उजेडात असलेल्या भागाचे आकडे लाल 110, हिरवा 20, निळा 35 असे आहेत. आबोली रंगाचे लाल 240, हिरवा 150, निळा 120. फोटोशॉप ज्या हिशोबाने उजेड मोजतं, त्यात लालचा वाटा सुमारे 30 टक्के, हिरव्याचा 59 आणि निळ्याचा 11. तसा हिशोब केला तर डाळिंबीचा उजेड जेमतेम 49 येतो आणि आबोलीचा 174. आता Color मोडमध्ये आबोली टाकलं, तर उजेड 49 वरच अडकून राहतो आणि निघणारा रंग साधारण 109, 27, 0 असतो. म्हणजे आबोलीच्या जागी काळपट विटकरी. मग लोक तो Curves ने उजळवतात. त्याबरोबर चमकही उजळते, फुटते, पसरते आणि नख पांढुरकं, धुरकट दिसायला लागतं.

यातून सुटायचा मार्ग त्या डाळिंबी रंगातच आहे. लाल जातीचं पॉलिश हिरवा आणि निळा प्रकाश जवळजवळ सगळा गिळून टाकतं. म्हणजे फोटोच्या हिरव्या चॅनेलमध्ये नखाचा रंगीत भाग काळाच दिसायला हवा, आणि तिथे जे काही उजळ दिसतं ते रंगाचं नसून चमकेचं आहे. Channels पॅनेल उघडून फक्त Green वर क्लिक करा आणि बघा. काळ्या नखांवर दिव्याची पांढरी रेघ, खिडकीचा छोटासा चौकोन, कधी कधी नखाच्या टोकाशी चुड्याचं प्रतिबिंबसुद्धा स्वच्छ दिसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते विलक्षण वाटतं, कारण चमक वेगळी काढायला काही करावंच लागलेलं नसतं. कॅमेऱ्याने ती वेगळी नोंदवून ठेवलेलीच असते. लाल चॅनेलमध्ये याच्या उलट. तिथे डाळिंबी भाग राखाडी दिसतो आणि त्या राखाडीच्या चढउतारात नखाची गोलाई, कडेची सावली, पॉलिशच्या थराची जाडी सगळं असतं.

मग काम असं होतं. हिरवा चॅनेल निवडून Ctrl+A, Ctrl+C करायचं, RGB वर क्लिक करून Ctrl+V करायचं. त्याचा एक करडा लेयर तयार होतो. लाल चॅनेलचंही तसंच. जिंपमध्ये Colors मेनूतल्या Components मधलं Decompose हेच काम करतं, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीत मेनू जवळपास फोटोशॉपसारखेच आहेत. आता एक ग्रुप करा, त्या ग्रुपला नखांचा मास्क लावा आणि आत तीन थर खालून वर रचा. तळाला सपाट आबोली रंग. त्यावर लाल चॅनेलचा लेयर, Multiply मोडमध्ये. सगळ्यात वर हिरव्या चॅनेलचा लेयर, Screen मोडमध्ये.

नुसतं रचून भागत नाही, दोन्ही करडे लेयर Levels ने जुळवून घ्यावे लागतात. लाल चॅनेलमध्ये नखाचा उजळ भाग 110 च्या आसपास आहे. तो तसाच Multiply केला तर आबोली निम्म्याहून काळं होईल. म्हणून Levels मधला पांढरा त्रिकोण 130 च्या आसपास आणायचा. त्यामुळे नखाचा उजेडातला भाग जवळजवळ पांढरा होतो, रंग पूर्ण दिसतो आणि फक्त कडेच्या सावल्या उरतात. चमक 130 च्या पुढची असल्याने इथे ती सपाट पांढरी होते आणि Multiply मध्ये काहीच करत नाही, म्हणजे ती दोनदा मोजली जात नाही. हिरव्या लेयरमध्ये काळा त्रिकोण 30 वर आणायचा, म्हणजे डाळिंबीचा उरलासुरला 20 चा उजेड शून्यावर जातो आणि निव्वळ चमक राहते.

इतकं केल्यावर नख आबोली दिसतं, पण कडा मळकट वाटतात. त्यालाही कारण आहे. गडद पॉलिश प्रकाश गिळतं, त्यामुळे त्याच्या सावल्या खोल असतात. फिकट पॉलिशवर आदळलेला प्रकाश शेजारच्या त्वचेवर जातो, तिथून परत नखावर येतो आणि सावल्या आपोआप भरून निघतात. डाळिंबीच्या सावल्या आबोलीवर जशाच्या तशा ठेवल्या, तर नखाखाली घाण साचल्यासारखं दिसतं. म्हणून Multiply लेयरची Opacity 70 पर्यंत खाली आणायची. लाल चॅनेलमध्ये 50 असलेली कडेची सावली पूर्ण जोरात आबोलीला 40 टक्क्यांच्याही खाली नेते. 70 वर ती 57 टक्क्यांच्या आसपास थांबते, आणि डोळ्यांना ते पटतं. चमकेच्या बाबतीत मात्र उलटा मोह होतो. काळपट डाळिंबीवर उठून दिसणारी रेघ आबोलीवर फिकी वाटते आणि हात ती वाढवायला जातो. वाढवू नका. फिकट रंगावर चमक खरोखरच कमी उठते, कारण खालचा रंगच उजळ असतो. वाढवलेली चमक ओल्या काचेसारखी दिसते आणि तिथेच खोटेपणा उघडा पडतो.

आता क्युटिकलकडे वळू. नखाच्या मुळाशी त्वचेची जी वळलेली कड असते, तिच्याजवळ चांगली पार्लरवाली पॉलिश भिडवत नाही. केसभर जागा सोडते. त्या फटीत उघड्या नखाची फिकट रेघ दिसते, पॉलिशच्या थराला तिथे गोलसर काठ असतो, आणि कडेच्या त्वचेची बारीक सावली नखावर पडलेली असते. हे सगळं चार-पाच पिक्सेलांत मावतं. मास्क एवढासा पुढे सरकला तरी तिन्ही गोष्टी एकदम गाडल्या जातात. म्हणून मास्क त्वचेपर्यंत न्यायचा नाही, पॉलिश जिथे संपतं तिथेच थांबवायचा. तो Pen टूलने हातानेच करावा असं माझं ठाम मत आहे. रंगावरून निवड करणारं Color Range मेंदी लावलेल्या हातावर दगा देतं. बोटांच्या टोकांना मेंदी भरीव लावलेली असते, रंगून ती काळपट लाल होते, आणि प्रोग्रामला तिच्यात नि डाळिंबी पॉलिशमध्ये फरक दिसत नाही.

कडेचा मऊपणा किती ठेवायचा याला पाचही बोटांसाठी एक आकडा नसतो. क्लोजअपमध्ये कॅमेऱ्याचा फोकस एखाद्या-दोन नखांवरच असतो. तिथे Feather अर्धा ते एक पिक्सेल पुरतो. मागे वळलेला अंगठा धूसर असेल तर त्याची कडही तितकीच धूसर हवी, चार-पाच पिक्सेल. धूसर अंगठ्यावर धारदार कडेचं नख बसवलं की पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण हात विचित्र दिसतो एवढं जाणवतं.

मास्क अचूक असूनही दोन गोष्टी त्रास देतात, आणि दोन्ही क्युटिकलच्या रेषेवरच दिसतात. पहिली म्हणजे नखाभोवती उमटणारी पांढुरकी किनार. तिचं कारण आपल्याच Screen लेयरमध्ये असतं. कडेच्या पिक्सेलमध्ये थोडं नख आणि थोडी त्वचा मिसळलेली असते. त्वचेला हिरव्या चॅनेलमध्ये भरपूर उजेड असतो, त्यामुळे कडेचा पिक्सेल त्या लेयरला चमक वाटतो आणि तो उजळवला जातो. उपाय सोपा आहे. Screen लेयरला स्वतःचा मास्क द्यायचा आणि तो मुख्य मास्कपेक्षा दोन पिक्सेल आत घ्यायचा. किनार जाते, खरी चमक सहसा इतक्या काठावर नसतेच.

दुसरी गोष्ट म्हणजे त्वचेवर उरलेला डाळिंबी धुरळा. तो दोन कारणांनी येतो. एक तर खरोखरच लाल पॉलिशचा उजेड शेजारच्या त्वचेच्या घडीवर पडलेला असतो. शिवाय मोबाइलचे जेपेग फोटो जागा वाचवण्यासाठी उजेडाची नोंद पूर्ण बारकाईने ठेवतात आणि रंगाची सहसा निम्म्या बारकाईने, त्यामुळे लाल रंग नखाच्या कडेबाहेर एक-दोन पिक्सेल सांडलेला असतो. नख डाळिंबी असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. नख आबोली झालं की तीच लाली क्युटिकलला सूज आल्यासारखी दिसते. ती पुसायला नवा रिकामा लेयर Color मोडमध्ये घ्या, Alt दाबून लगतच्या स्वच्छ त्वचेचा रंग उचला आणि मऊ, बारीक ब्रशने 30 टक्के जोराने कडेवरून फिरवा. Color मोड इथे मात्र अगदी योग्य आहे, कारण त्वचेच्या रेघा, सालपट, सुरकुत्या हे सगळं उजेडाच्या नोंदीत असतं आणि ते जसंच्या तसं राहतं. मेंदी लागलेल्या टोकापाशी आलात की रंग त्वचेचा नको, शेजारच्या मेंदीचाच उचलायचा. नाहीतर मेंदीभोवती फिकट कडं तयार होतं. धुरळा पूर्ण पुसू नका. आबोली पॉलिशही घडीवर थोडी गुलाबी झाक टाकतंच, म्हणून थोडी ऊब राहू द्यावी.

चमकेच्या रंगाचा एक मुद्दा राहिला. हिरव्या चॅनेलचा लेयर करडा असतो, त्यामुळे Screen केल्यावर चमक शुद्ध पांढरी येते. दिवसाच्या उजेडातल्या फोटोत ते चालतं. रात्रीच्या मांडवात मूळ चमक पिवळसर होती, आणि पाच पांढऱ्या रेघा त्या पिवळ्या फोटोत परक्या वाटतात. दिव्याचा खरा रंग कुठून घ्यायचा? त्याच फोटोतल्या चुड्यावरून. हिरव्या काचेच्या बांगडीवरची चकाकी हिरवी नसते. काचेलाही नेलपॉलिशचाच नियम लागू आहे आणि तिच्या पृष्ठभागावरून दिव्याचाच रंग परत येतो. बांगडीवरच्या चमकेच्या मध्यभागी प्रकाश जळून कोरा पांढरा झालेला असतो, म्हणून रंग तिच्या उजळ कडेवरून उचलायचा आणि त्याचा Solid Color लेयर Screen लेयरला जोडून Multiply करायचा. सोन्याच्या अंगठीवरून मात्र हा रंग घेऊ नये. धातू परावर्तित प्रकाशालाही आपला रंग देतो, आणि अंगठीवरची चमक दिव्यापेक्षा जास्त पिवळी असते.

झालेलं काम तपासायला सगळ्यात वर Black & White लेयर टाका. रंग गेला की उजेडातली चूक लपत नाही. आबोली नखं त्वचेच्या तुलनेत फार पांढरी निघाली किंवा काठावर किनार राहिली, तर इथे ती ताबडतोब दिसते. मग तो लेयर काढून फोटो छापायच्या आकारात, 100 टक्क्यांवर पाहावा. 400 टक्के मोठं करून तासन्‌तास क्युटिकल घासत बसणारे पुष्कळ आहेत. छापल्यावर त्यातलं काही दिसत नाही. पूर्ण उंचीच्या फोटोत नख 15 पिक्सेलांचं असेल, तर वर सांगितलेल्या चॅनेलच्या खटाटोपाची गरजच नाही. मास्क करून Hue/Saturation मध्ये Lightness जरा वाढवली की भागतं.

हा सगळा मार्ग लाल, डाळिंबी, मरून, राणी अशा रंगांवर चालतो, कारण त्यांचा एखादा तरी चॅनेल जवळजवळ काळा असतो. मोरपंखी किंवा निळ्या पॉलिशवर हेच करायचं तर चॅनेलची अदलाबदल होते. चमक लाल चॅनेलमध्ये शोधायची आणि गोलाई निळ्यात. काळ्या पॉलिशमध्ये तिन्ही चॅनेल काळे, त्यामुळे चमक छान मिळते, पण गोलाईची नोंदच जवळपास नसते. ताणून उजळवली तर जेपेगचे चौकोनी ठोकळे वर येतात. तिथे Multiply लेयर बाजूला ठेवून कडेची सावली हाताने रंगवावी लागते. पांढऱ्या पॉलिशची अडचण बरोबर याच्या उलट आहे. त्याचे तिन्ही चॅनेल सारखेच उजळ असतात, रंग आणि चमक यांत फरक करायला काही उरत नाही. बरं तर बरं, पांढऱ्यावर कुठलाही रंग Multiply ने सहज चढतो. मग चमकेपुरता हाताने मास्क करून ती वाचवायची.

चकमकी आणि क्रोम पॉलिशला मात्र मी हात लावत नाही. त्यात धातूचे किंवा धातूसारखे चमकणारे बारीक पापुद्रे असतात, प्रत्येक पापुद्रा आपला रंग लागलेली चमक परत पाठवतो, आणि ज्या दोन प्रकाशांच्या फरकावर सगळं काम उभं आहे तो फरकच तिथे राहत नाही. तसंच, विकायच्या नेलपॉलिशचं शेडकार्ड एका फोटोवरून असं रंगवून बनवू नये असं मला वाटतं. प्रत्येक छटेचा थर वेगळ्या जाडीचा, वेगळ्या पारदर्शकतेचा असतो, आणि तो रंगवलेल्या नखात येत नाही. बाटलीतली आबोली खरी कशी दिसते ते गिऱ्हाइकाला दाखवायचं असेल, तर ती नखाला लावून, वाळू देऊन, त्याच दिव्याखाली नव्याने फोटो काढावा.